दम आणि पाय, दोघांचे वेगळे आकडे: चढावर श्रम कसे मोजावेत

पुण्यात वेताळ टेकडीवर, तळजाईला किंवा पर्वतीच्या पायऱ्यांवर नव्याने जायला लागलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच प्रश्न पडतो: मी पुरेसा जोर लावतोय का, की जास्तच लावतोय? उत्तरासाठी बहुतेक जण मनगटाकडे बघतात. घड्याळ हृदयाचे ठोके दाखवतं, पण ते ठोके तुमच्या मानाने जास्त की कमी हे ते ठरवतं २२० वजा वय अशा एखाद्या सरासरीच्या सूत्रावरून. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांच्या कमाल ठोक्यांमध्ये दहा-पंधराचा फरक सहज असतो. शिवाय रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर कितीही दमलात तरी ठोके एका मर्यादेपलीकडे चढत नाहीत. अशा वेळी घड्याळ सांगतं ‘अजून जोर लावा’ आणि छाती सांगते ‘थांब’.

श्रम मोजण्याच्या दोन पद्धती अशा आहेत की त्यांना कुठलंच यंत्र लागत नाही. एक म्हणजे आपल्याला किती श्रम वाटताहेत ते ठरलेल्या पट्टीवर आकड्यात सांगायचं. याला व्यायामशास्त्रात आरपीई म्हणतात. दुसरी टॉक टेस्ट, म्हणजे चालता चालता बोलून बघायचं. दोन्ही पद्धती हृदयरोगानंतरच्या पुनर्वसनापासून धावपटूंच्या सरावापर्यंत सगळीकडे वापरल्या जातात. नवख्या माणसाने त्या वापरताना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करावी असं मला मनापासून वाटतं: श्रमाचा एकच आकडा न काढता दोन काढावेत, एक दमाचा आणि एक पायांचा. बोलून बघण्यातून फक्त दम कळतो. पायांचं काय चाललंय ते पायांनाच विचारावं लागतं. आणि हे दोन आकडे जिथे एकमेकांपासून फटकून वागतात, तिथेच कामाची माहिती मिळते.

आधी पट्टी ओळखीची करून घ्या

ही पट्टी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९६० च्या दशकात तयार केली. ती ६ पासून सुरू होते आणि २० ला संपते. सहापासून सुरुवात विचित्र वाटते, पण त्यामागे हिशेब आहे. तरुण, निरोगी माणसाचे ठोके विश्रांतीत साधारण साठ आणि कमाल श्रमात दोनशेच्या आसपास असतात, म्हणून आकड्याला दहाने गुणलं की ठोक्यांचा ढोबळ अंदाज यावा अशी ती बेतली आहे. वय वाढलं किंवा गोळ्या सुरू असल्या की हा गुणाकार जमत नाही, त्यामुळे तो करत बसू नका. आकडा जसा वाटतो तसाच वापरा.

६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, खुर्चीत बसल्यासारखं. ९ म्हणजे अगदी हलके श्रम: निरोगी माणूस आपल्या मनाने, रमतगमत काही मिनिटं चालतो तेवढे. ११ म्हणजे हलके. १३ म्हणजे थोडं जड वाटतंय, पण असंच पुढे चालत राहायला हरकत वाटत नाही. १५ म्हणजे जड. १७ ला चालू ठेवता येतं, पण स्वतःला अक्षरशः रेटावं लागतं. १९ म्हणजे बहुतेकांनी आयुष्यात अनुभवलेले सर्वांत कठीण श्रम, आणि २० ही त्याच्याही पुढची, कल्पनेतली कमाल. मधले आकडे मधल्या जागांसाठी आहेत.

ही पट्टी पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या आठवणींना बांधून टाका. सुटत चाललेली पीएमपीएमएलची बस पकडण्यासाठी सामान घेऊन धावलात, चढून दांडा धरला आणि पुढच्या थांब्यापर्यंत तिकीटसुद्धा मागता आलं नाही, ती आठवण तुमची १७ किंवा १८ असेल. संध्याकाळी सारसबागेत जेवणानंतरची चक्कर ९ असेल. अशा दोन-तीन आठवणी पक्क्या झाल्या की मधले आकडे आपोआप जागेवर बसतात.

इथे एक सावधगिरी. शून्य ते दहाच्याही पट्ट्या आहेत, आणि त्या सगळ्या सारख्या नाहीत. बोर्ग यांच्याच नंतरच्या दहाच्या पट्टीत ३ म्हणजे मध्यम आणि ५ म्हणजे जड. ज्येष्ठांसाठीच्या व्यायामाच्या सूचनांमध्ये मात्र दहापैकी ५-६ ला मध्यम म्हटलेलं सापडतं. म्हणून जिममधल्या प्रशिक्षकाने ‘पाचवर ठेवा’ म्हटलं, तर आधी त्याची पट्टी बघायला मागा. या लेखात सगळीकडे ६ ते २० चीच पट्टी धरली आहे.

मग प्रतिज्ञा म्हणून बघा

बोलण्याच्या चाचणीवर अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या शाखेत कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलं. तिथे ट्रेडमिलवर चालणाऱ्या माणसाला ते त्यांच्या देशाची प्रतिज्ञा म्हणायला सांगत, कारण ती प्रत्येकाला शाळेपासून तोंडपाठ असते आणि आठवण्यात डोकं खर्च होत नाही. आपल्याकडे पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवरची प्रतिज्ञा हेच काम चोख करते.

दहा मिनिटं सावकाश चाला. मग ज्या वेगाची परीक्षा घ्यायची त्या वेगात या आणि तो वेग निदान तीन मिनिटं तसाच ठेवा. ही तीन मिनिटं गाळू नका. वेग वाढला की पाय लगेच जास्त काम करू लागतात, पण श्वास आणि ठोके त्या कामाच्या पातळीला पोचायला दोन-तीन मिनिटं घेतात. पहिल्याच मिनिटाला बोलून बघितलंत तर चाचणी खोटं पास करते.

तीन मिनिटं झाली की न थांबता, वेग कमी न करता, नेहमीच्या आवाजात म्हणा: भारत माझा देश आहे. सारे भारतीय माझे बांधव आहेत. माझ्या देशावर माझे प्रेम आहे. माझ्या देशातल्या समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे. एवढंच पुरे. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: आरामात बोलता आलं का? उत्तरं तीन असू शकतात. ‘हो’. ‘आलं, पण…’. ‘नाही’. त्या ‘पण’ला महत्त्व द्या. ‘आलं, पण सुखाने नाही’ हे उत्तर ‘हो’मध्ये ढकलू नका.

या चार वाक्यांची रचना आपल्या कामाला फार सोयीची आहे. पहिली तीन छोटी आहेत, प्रत्येकी चार-पाच शब्दांची, आणि दर पूर्णविरामाला चोरून श्वास घ्यायला जागा मिळते. दमलेला माणूससुद्धा ती तिन्ही निभावून नेतो. चौथं वाक्य दहा शब्दांचं आहे आणि त्यात विराम नाही. सोबत कोणी असेल तर त्याला फक्त याच वाक्याकडे कान द्यायला सांगा. बोलणाऱ्याने ते एका दमात म्हटलं, की ‘नटलेल्या’नंतर श्वास घेतला, की ‘समृद्ध आणि’पाशीच आवाज तुटला? ‘अभिमान आहे’ हे शेवटचे शब्द घाईघाईत, हवा संपत आल्यासारखे बाहेर पडले का? मधे एकदा श्वास घेणं काही वावगं नाही. पण दर दोन-तीन शब्दांनी घ्यावा लागत असेल, तर स्वतःचं उत्तर काहीही असो, ते ‘नाही’ आहे.

बोलणं नेमकं का तुटतं

आपण बोलतो ते श्वास सोडताना. बोलायचं म्हणजे पटकन श्वास आत घ्यायचा आणि मग तो हळूहळू, लांबवत सोडायचा. निवांत बसलेलं असताना मोठं माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतं, त्यामुळे थोडं लांबवणं जड जात नाही. प्रतिज्ञेतलं चौथं वाक्य सहज गतीने म्हणायला सहा सेकंद लागतात असं धरा. चढावर श्वास मिनिटाला तीसवर गेले असतील तर एका श्वासाच्या वाट्याला येतात दोन सेकंद. म्हणजे ते वाक्य एका दमात म्हणायचं तर शरीराला तीन श्वासांच्या वेळात एकाच श्वासावर भागवावं लागतं.

ही काटकसर काही काळ परवडते. स्नायू मुख्यतः ऑक्सिजनवर काम करत असताना श्वास कामाच्या प्रमाणात वाढतो आणि बोलण्यापुरता थोडा मागेपुढे करता येतो. पण जोर आणखी वाढला की स्नायूंमध्ये आम्लता वाढायला लागते. रक्तातलं बायकार्बोनेट ती आम्लता शोषून घेतं, आणि त्या प्रक्रियेत जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायचा एकच रस्ता आहे, फुप्फुसांचा. म्हणून या टप्प्यापासून श्वास कामापेक्षा वेगाने वाढतो. श्वसनाचा हा पहिला उंबरठा. ‘आलं, पण…’ हे उत्तर साधारण याच जागेच्या आसपास येतं. इथे बोलण्यासाठी श्वास लांबवला की कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदू ‘श्वास घे’ म्हणून रेटा लावतो आणि वाक्य मधेच मोडतं. ऑक्सिजन कमी पडला म्हणून बोलता येत नाही असा समज सर्रास आहे, पण निरोगी माणसाच्या बाबतीत खरी घाई असते ती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याची.

व्यवहारात वापरायला एवढं पुरेसं आहे: आरामात ‘हो’ म्हणजे तुम्ही या उंबरठ्याच्या आत, मध्यम श्रमात. ‘पण’ म्हणजे उंबरठ्यावर. स्पष्ट ‘नाही’ म्हणजे तो ओलांडून पुढे, जिथे नवख्याने फार वेळ राहायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं सुचवते. त्यातलं ‘मध्यम’ तुमच्या पायांखाली नेमका कुठला वेग आहे, हे ही चाचणी दाखवते. दमाचा आकडा तिथे बहुतेकांच्या तोंडून १२ किंवा १३ येतो.

पायांचा आकडा वेगळा का

पायांतून येणाऱ्या श्रमाच्या जाणिवेमागे दोन गोष्टी असतात. मेंदू स्नायूंना आकुंचनाचा आदेश पाठवतो, तेव्हा त्या आदेशाची एक प्रत जणू जाणिवेच्या केंद्रांकडेही जाते. आदेश जितका मोठा, तितके श्रम जास्त वाटतात. थकलेल्या किंवा कमजोर स्नायूकडून तेवढंच काम करून घ्यायला मोठा आदेश लागतो. म्हणून तीच पायरी, तोच वेग, तोच श्वास असूनही कालच्या थकव्यानंतर आज पायांचा आकडा दोन-तीनने वर असतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्नायूंमधल्या बारीक चेता. तिथे साचणारी द्रव्यं आणि ताण यांची खबर त्या वर पोचवतात. मांडीत पेटल्यासारखं वाटतं ते त्यांच्यामुळे.

दम आणि पाय किती वेगळ्या वेळापत्रकावर चालतात ते पाहायचं असेल तर पर्वतीवर जा. पायऱ्या १०३ आहेत. नेहमीपेक्षा थोडं झपाझप, न थांबता चढा. अर्ध्या वाटेवर मांड्या बोलायला लागतात, पायांचा आकडा १४-१५ होतो, आणि त्याच क्षणी प्रतिज्ञा म्हटलीत तर ती बऱ्यापैकी जमते. वर पोचून कठड्याशी उभे राहिलात की पाय लगेच सुटतात, आणि नेमका तेव्हा दम लागतो. आता चौथं वाक्य निघत नाही. पायांनी ते काम दोनेक मिनिटांत उरकलं, बराचसा जोर स्नायूंतल्या साठ्यावर भागवला, आणि श्वास मागाहून हिशेब चुकता करत होता. म्हणून अशा छोट्या, तीव्र चढावर बोलण्याची चाचणी लावायचीच नाही. तिथे फक्त पायांचा आकडा घ्यायचा. बोलण्याची चाचणी सलग, एका वेगाच्या कामासाठी आहे.

एक फेरी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

माझी मावशी साठीला टेकलेली आहे, कोथरूडला राहते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेते. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली, तेव्हा आम्ही दोघी पौड रस्त्याकडून एआरएआयच्या रस्त्याने वेताळ टेकडीवर गेलो. पहिली दहा मिनिटं खाली सपाटीवर, गप्पा मारत. दम ९, पाय ९. मग चढ. तिने तिच्या नेहमीच्या चालीने, म्हणजे शाळेत तास गाठायचा असावा तशी, सुरुवात केली. तीन मिनिटांनी मी प्रतिज्ञा म्हणायला सांगितली.

पहिली तीन वाक्यं छान आली. चौथ्यात ‘विविधतेने’पाशी एक श्वास, ‘परंपरांचा’पाशी दुसरा, आणि ‘अभिमान आहे’ जवळजवळ गिळलं. “येतंय गं, पण सुखाने नाही,” ती म्हणाली. दमाचा आकडा तिने १४ सांगितला, पायांचा १२. आकडे सांगून झाल्यावर मगच घड्याळ बघितलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी ठोके दिसले की माणूस त्यांना साजेसा आकडा सांगतो. ठोके होते १०४. साठाव्या वर्षी सूत्राप्रमाणे कमाल १६०, त्याचे हे ६५ टक्के. घड्याळाच्या मते ती आरामात चालली होती. गोळीमुळे ठोके दबलेले होते, श्वास मात्र खरं सांगत होता: ती उंबरठ्यावर होती.

आम्ही थांबलो नाही. तिला फक्त पाऊल आखूड टाकायला सांगितलं, जिथे एक पाऊल तिथे दीड. पुन्हा तीन मिनिटं त्या चालीने, पुन्हा प्रतिज्ञा. या वेळी एकच श्वास, तोही ‘नटलेल्या’नंतर सावकाश. दम १२, पाय १२. हाच तिचा चढावरचा वेग ठरला. वरच्या सपाटीवर, वेताळबाबाच्या देवळाकडे जाताना दोन्ही आकडे ११ वर आले.

आता उतार, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. परत येताना मावशी अखंड बोलत होती. दोन लग्नं, एक भाडेकरू, भाजीचे भाव, सगळं झालं. बोलण्याच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण. दमाचा आकडा ९. मी पायांचा विचारला तेव्हा ती जरा थांबली आणि म्हणाली, “मांड्या थरथरताहेत. १४ धर.” दमापेक्षा पाच जास्त. चढताना दोन कमी होता.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच जोर लावतो, शरीर खाली कोसळू नये म्हणून ब्रेक धरून राहतो. अशा कामाला ऑक्सिजन फार कमी लागतो, म्हणून श्वास शांत राहतो. पण स्नायूच्या तंतूंवर येणारा ताण मात्र जास्त असतो आणि त्यांना सूक्ष्म इजा होते. त्याचा ठणका दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि साधारण २४ ते ७२ तासांत शिखरावर असतो. त्याला लॅक्टिक आम्लाचं साचणं म्हणतात ते बरोबर नाही. ते तर व्यायामानंतर तासाभरात निघून गेलेलं असतं. मावशी तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरत होती. सिंहगड आतकरवाडीकडून चढून पायीच उतरणाऱ्या नवख्यांची हीच तक्रार असते: चढताना दम लागला, पण पाय गेले ते उतरताना.

यावर आम्ही केलं ते एवढंच. पुढच्या खेपेला अर्ध्या चढावरून परत फिरलो, म्हणजे उतार अर्धा झाला. उतरताना पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, आणि पायांचा आकडा १२ च्या वर गेला की थांबायचं. पहिल्या ठणक्यानंतर तोच उतार पुन्हा उतरला तर त्रास खूप कमी होतो, स्नायू पटकन जुळवून घेतो. त्यामुळे उतार हळूहळू वाढवता आला.

दोन आकडे एकमेकांपासून दूर गेले तर

पाय वर आणि दम खाली असेल तर अडचण स्नायूंची आहे: उतार, कालचा थकवा, किंवा पायांत ताकद कमी. सायकलवाल्यांच्या बाबतीत हे हमखास गिअरमुळे होतं. चांदणी चौकाच्या चढावर जड गिअरमध्ये सावकाश पेडल दाबत जाणारा माणूस पायांचा १६ आणि दमाचा १२ सांगतो. गिअर हलका करून पेडल भराभर फिरवले की वेग तोच राहतो, पायांचा आकडा उतरतो आणि दमाचा थोडा चढतो.

उलट, दम वर आणि पाय खाली, ही जोडी जास्त लक्ष देऊन बघावी. सर्दी-खोकल्यातून नुकतंच उठलात, एप्रिलच्या उन्हात उशिरा निघालात, वाऱ्यावर धूळ आहे, यांतलं काही असेल तर कारण समोर आहे. वेग कमी करा. ज्यांना दमा आहे त्यांनी आपला दमाचा आकडा नेहमीपेक्षा लवकर चढतोय का ते पाहावं. पण यातलं काहीच नसताना, नेहमीच्याच चढावर, नेहमीच्याच वेगात दम काही दिवस सतत दोन-तीनने जास्त येत असेल आणि पाय तसेच असतील, तर डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होण्यापासून हृदयाच्या तक्रारीपर्यंत अनेक गोष्टी अशाच गुपचूप सुरू होतात. जाताना दोन्ही आकड्यांची वही बरोबर न्या. ‘हल्ली दम लागतो’ यापेक्षा ‘ज्या चढावर १२ होता तिथे पंधरा दिवसांपासून १५ येतोय’ यावरून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं.

आणि काही गोष्टी आकड्यात बसवायच्याच नाहीत. छातीत दुखणं, आवळल्यासारखं वाटणं, ते दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक गार घाम. प्रतिज्ञा खणखणीत म्हणता येत असली तरी यांपैकी काही झालं तर तिथल्या तिथे बसा आणि मदत बोलवा. हृदयविकार असलेल्यांनी आपला वेग डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय ‘पण’च्या जवळपासही जाऊ नये.

चाचणी बिघडवणाऱ्या सवयी

कानात गाणी असली किंवा गप्पा रंगल्या की श्रम कमी वाटतात. हलक्या आणि मध्यम श्रमात हे प्रकर्षाने होतं. त्यामुळे आकडा घेण्यापुरती गाणी बंद ठेवा आणि एखादं मिनिट गप्प चाला. फोनवर बोलता येतंय म्हणून चाचणी पास, असंही धरू नका. संभाषणात समोरचा बोलत असताना तुम्ही श्वास भरून घेता, आणि ‘हं’, ‘हो ना’ कुठल्याही दमात म्हणता येतं. सलग बोलणं हीच परीक्षा आहे.

चारचौघांत मोठ्याने प्रतिज्ञा म्हणायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. मनातल्या मनात म्हणून मात्र काही उपयोग नाही, कारण हवा खर्चच होत नाही. हळू आवाजात म्हणा, पण ओठ हलले पाहिजेत आणि आवाज बाहेर पडला पाहिजे. प्रतिज्ञा पाठ नसेल तर पंचवीस-तीस शब्दांचं काहीही पाठ असलेलं चालेल, फक्त दर वेळी तेच वापरा आणि त्यात एक तरी लांब, विराम नसलेलं वाक्य असू द्या. पाढे नकोत. प्रत्येक ओळीनंतर श्वास घेता येतो, त्यामुळे दम लागलेलाही पाढे म्हणून जातो.

जिममधल्या वजनांना ही चाचणी लागू नाही. स्क्वॉटचे आठ-दहा फेरे होईपर्यंत श्वासाला वर यायला वेळच मिळत नाही. तिथे पायांचाच आकडा धरा, तोही संच संपल्या संपल्या.

वहीत काय लिहायचं

तारीख, वाट, बोलण्याचं उत्तर, दम, पाय. एका ओळीत मावतं. ‘एआरएआय चढ, पण, १४/१२’ एवढं पुरे. उतार असेल तर त्याचे आकडे वेगळे लिहा, चढाच्या आकड्यांत मिसळू नका. आकडे तिथल्या तिथे घ्या. घरी येऊन चहा घेतल्यावर सगळंच १२ वाटतं. आठवड्यातून एकदा तरी एकाच वाटेवर, शक्यतो सकाळी एकाच वेळेला जा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल.

वेग कधी वाढवायचा ते या ओळींवरून ठरतं. त्याच चढावर लागोपाठ तीन-चार खेपांना उत्तर निखळ ‘हो’ आलं, आणि दम व पाय दोन्ही ११ किंवा त्याखाली आले, तर चढ थोडा लांबवा किंवा चाल थोडी वाढवा, दोन्ही एकदम नको. फक्त दम खाली आला असेल आणि पाय १३-१४ वर अडकले असतील, तर वेग तसाच ठेवून आठवड्यात दोन दिवस पायांच्या ताकदीचा व्यायाम घाला: खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, जिन्याच्या एका पायरीवर चढ-उतर. पाय सुटले आणि दम अडकला असेल, तर सपाटीवरच्या, निखळ ‘हो’वाल्या चालण्याची मिनिटं वाढवा आणि चढ आहे तेवढाच राहू द्या. मावशीच्या वहीत सध्या चढाला ‘हो, ११/१२’ आहे आणि उताराला ‘८/१२’, त्यामुळे तिचा चढ अजून वाढवलेला नाही.